बुद्धिबळाचा डाव बोलून कसा सांगावा

बुद्धिबळाच्या डावाचे विश्लेषण वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. पुस्तक घेऊन बसलेला खेळाडू पट मांडतो, एकेक खेळी लावतो, अडला की दोन पाने मागे जातो. व्हिडिओ बघणाऱ्याला ही सवड नसते. पडद्यावर सोंगट्या सरकत असतात, कानावर ‘घोडा एफ-तीन, उंट जी-पाच’ असा पाढा पडत असतो, आणि चौथ्या-पाचव्या खेळीला डोळा आणि कान यांची फारकत होते. खेळी पडद्यावर दिसतच असते, तेव्हा तिचे नाव घेण्यात वेळ घालवायचा नसतो. आवाजाने ती खेळी का झाली एवढेच सांगायचे असते. हे पक्के ठरले की संहितेतले निम्मे शब्द आपोआप गळतात.

अशी संहिता ज्याच्यासाठी लिहायची तो क्लबात नियमित खेळणारा, साधारण 1200 ते 1700 रेटिंगचा खेळाडू. त्याला नियम शिकवायचे नसतात. दुहेरी मारा, अडकवलेली सोंगटी, किल्लेकोट हे सगळे तो जाणतो. डोक्यात दोन-तीन खेळ्यांची साखळी तो नीट धरतो, आठ खेळ्यांची मात्र सुटते. त्याचे खरे दुखणे असे की नामांकित डावातली मोठी खेळी त्याला दिसते, आवडते, पण आपल्या डावात तशी वेळ कधी आली हे ओळखता येत नाही.

हे सगळे एका डावावर करून पाहिले की नीट उमगते. न्यूयॉर्कमध्ये 1924 साली झालेल्या स्पर्धेतला होजे राऊल कापाब्लांका विरुद्ध साव्हिएली टार्टाकोव्हर हा डाव त्यासाठी फार चांगला आहे. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता होता. याच स्पर्धेत रिचर्ड रेटीने त्याला हरवून त्याची आठ वर्षांची अपराजित वाटचाल थांबवली होती. स्पर्धा इमॅन्युएल लास्करने जिंकली, कापाब्लांका दुसरा आला. टार्टाकोव्हरविरुद्धचा हा डाव पुढे हत्तींच्या एंडगेमचा नमुना म्हणून पुस्तकापुस्तकांत गेला. संहितेच्या सुरुवातीला एवढी ओळख पुरते. खेळाडूंची चरित्रे सांगत बसले की पट हलायला दोन मिनिटे लागतात आणि बघणारा तोवर निघून गेलेला असतो.

डाव 52 खेळ्यांचा. दोन्ही बाजूंच्या मिळून 103 वेळा सोंगटी हलते. बारा मिनिटांच्या व्हिडिओत प्रत्येक वेळेला सारखा वाटा दिला तर जेमतेम सात सेकंद येतात. सात सेकंदांत नाव घेता येते, कारण सांगता येत नाही. म्हणून संहितेचे पहिले काम वाटणीचे. या डावात पहिल्या 22 खेळ्या मिळून एका मिनिटात उरकाव्यात, शेवटच्या दहा-बारा खेळ्यांना दीड मिनिट द्यावे, आणि उरलेला सारा वेळ मधल्या चार-पाच क्षणांवर खर्च करावा. त्यातही पस्तिसावी खेळी एकटी तीन मिनिटे खाते, आणि ते योग्यच आहे.

क्षण निवडायची कसोटी साधी आहे. क्लबातला खेळाडू त्या जागी दुसरे काही खेळला असता का? खेळला असता तर तो क्षण महत्त्वाचा. खेळी कितीही सुंदर असो, कोणीही तीच खेळला असता तर तिच्यावर थांबायचे कारण नाही. उलट एखादी शांत, दिसायला किरकोळ खेळी बघणाऱ्याच्या सवयीला धक्का देत असेल, तर व्हिडिओ तिथेच उभा करावा. कागद घेऊन डाव चाळावा, प्रत्येक खेळीपाशी हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर ‘होय’ आलेल्या खेळ्यांवर खूण करावी. साध्या डावात अशा दहा-पंधरा खुणा होतात. त्यांतल्या एकाच धाग्यात ओवता येतील अशा चार-पाच ठेवाव्यात.

कापाब्लांकाच्या डावाचा धागा असा: काळा प्यादी जिंकायला धावतो, पांढरा आपल्या राजाला पुढे नेतो. एकदा हे वाक्य संहितेच्या डोक्यावर लिहिले की काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा वाद उरत नाही. सुरुवातीला काळ्याने डच बचाव मांडला. त्यातली बारीक चर्चा या धाग्यात बसत नाही, म्हणून ती गाळायची. डच बचावावर स्वतंत्र व्हिडिओ होऊ शकतो.

पहिला थांबा तेविसाव्या खेळीला. काळा मधले प्यादे डी-5 वर ढकलतो, प्यादी मारली जातात, ई पट्टी उघडते, आणि दोन खेळ्यांत दोन्ही वजीर आणि हत्तींची एक जोडी पटावरून जाते. उरतो तो हिशेब आवाजाने शांतपणे मांडावा: दोघांकडे एकेक हत्ती, सहा-सहा प्यादी, पांढऱ्याकडे उंट, काळ्याकडे घोडा. ‘डाव सुटसुटीत झाला’ एवढे म्हणून पुढे जाण्याचा मोह इथे होतो. पण बघणाऱ्याला पुढे जे कळायला हवे त्याची दोन टोके याच जागी दाखवावी लागतात. पांढऱ्याचे सी-3 वरचे प्यादे कमजोर आहे, त्याला शेजारच्या प्याद्याचा आधार मिळू शकत नाही. आणि काळ्याचा घोडा ए-5 वर, पटाच्या काठाला बसलेला आहे. सी-3 भोवती एक वर्तुळ काढले की पुरे. पुढची बारा खेळ्या बघणाऱ्याची नजर त्या प्याद्यावर राहील, आणि ती तिथे राहायलाच हवी, कारण काळ्याचीही नजर तिथेच आहे.

दुसरा क्षण तिसाव्या खेळीचा. पांढऱ्याचा हत्ती एच पट्टीतून उतरून सातव्या रांगेत, एच-7 वर येतो. काळा हत्ती सी-6 वर येऊन सी-3 वर मारा धरतो. आता पांढरा काय करतो? त्या प्याद्याकडे न बघता जी-प्यादे एक घर पुढे काढतो. इथे संहितेत एकच उपफाटा सांगावा, आणि तोही पटावर हलवून: काळ्याने लगेच सी-3 घेतले तर पांढरा उंट जी-6 चे प्यादे घेतो, आणि एफ व जी या शेजारच्या पट्ट्यांतली पांढरी प्यादी हातात हात घालून मोकळी सुटतात, समोर अडवायला काळे प्यादे नाही. एवढे ऐकून बघणाऱ्याला पटते की सी-3 प्यादे म्हणजे आमिषासारखे आहे. पाचव्या-सहाव्या खेळीपर्यंत फाटे नेले असते तर हेच हरवले असते.

फाट्यांबाबत एक पक्का नियम पाळलेला बरा. एका थांब्यावर एकच फाटा, तोही जास्तीत जास्त तीन खेळ्यांचा, आणि शेवटी त्या फाट्याचे फळ शब्दांत: ‘प्यादी मोकळी’, ‘राजाला मात’, ‘हत्ती गेला’. फळ शब्दांत सांगता येत नसेल, म्हणजे फक्त इंजिनचा आकडा सांगता येत असेल, तर तो फाटा संहितेत नको. इंजिन चुका पकडायला हवेच, लिहिणाऱ्याने प्रत्येक विधान त्यावर ताडून घ्यावे. पण ‘इथे पांढऱ्याला अधिक दीडचा फायदा’ हे वाक्य क्लबातल्या खेळाडूच्या हाती काहीच देत नाही. तसाच ‘एकमेव’ हा शब्द. ‘ही एकमेव जिंकणारी खेळी’ असे लिहिण्याआधी इतर खेळ्या खरोखर तपासाव्यात. अनेकदा दुसरी खेळीही चालत असते, फक्त तितकी सरळ नसते, आणि जाणकार बघणारा ही चूक लगेच पकडतो.

तिसरा क्षण लोक सहज ओलांडून जातात. काळ्याचा घोडा फिरत फिरत एफ-5 वर येऊन बसतो. जागा उत्तम, मागे जी-6 च्या प्याद्याचा आधार. पांढरा आपला उंट देऊन हा घोडा मारतो. उंट घोड्यापेक्षा सरस असे ऐकत मोठा झालेला क्लबातला खेळाडू हे सहजी करणार नाही. इथे थांबून घोडा एफ-5 वरून कोणती घरे सांभाळत होता ते रंगवून दाखवावे: जी-3, एच-4, एच-6, जी-7. नुसती घरे दाखवावीत आणि त्यांचे महत्त्व नंतर सांगू असे म्हणावे. पुढच्याच क्षणी पांढरा राजा जी-3 आणि एच-4 याच दोन घरांवर पाऊल टाकतो. मारामारीनंतर काळ्याचे प्यादे जी पट्टी सोडून एफ-5 वर जाते, म्हणजे पांढऱ्याच्या जी-5 वरच्या प्याद्यासमोर आता कोणी नाही. पाच-पाच प्यादी, एकेक हत्ती, आणि पांढऱ्याचे एक प्यादे मोकळे.

आता पस्तिसावी खेळी. संहितेतले ‘व्हिडिओ थांबवून विचार करा’ हे वाक्य सगळ्या व्हिडिओत एकदाच यावे, आणि ते इथे. दर दोन मिनिटांनी थांबा म्हणणाऱ्या निवेदकाचे कोणी ऐकत नाही. विचारताना प्रश्नाला धरही हवी. ‘पांढऱ्याची उत्तम खेळी कोणती?’ हा परीक्षेतला प्रश्न झाला. ‘काळा हत्ती सी-3 घेणार आहे. पांढरा राजा डावीकडे जाईल की उजवीकडे?’ हा प्रश्न बघणाऱ्याला दोनच दारे देतो, आणि दोन्ही दारांमागे विचार करायला लावतो.

मोह डावीकडे जाण्याचा असतो. राजा ई-2 वर गेला, हत्तीने सी-3 घेतले, की राजा डी-2 वर येऊन हत्तीला हुसकावतो. दिसायला हे फायद्याचे. संहितेने हा मोह टाळू नये, उलट तो बघणाऱ्याच्या आधी स्वतः उच्चारावा, कारण त्याच्या मनात तोच असतो. मग दाखवावे: हुसकावलेला हत्ती एफ-3 वर जातो आणि एफ-4 चे प्यादे धरतो. पांढरा राजा आता सी-डी पट्टीत, आणि जी-प्यादे पटाच्या दुसऱ्या टोकाला एकटे. त्याच्या सोबतीला हत्ती आहे, पण एकट्या हत्तीने काळा राजा घेरला जात नाही.

कापाब्लांका उजवीकडे गेला, जी-3 वर. काळा हत्ती सी-3 घेतो, तेही शह देऊन, आणि तो शह पांढऱ्याच्या पथ्यावरच पडतो, कारण राजाला एच-4 वर जायचेच होते. पुढच्या खेळ्या कागदावर अशा दिसतात:

```
35. Kg3 Rxc3+ 36. Kh4 Rf3
37. g6 Rxf4+ 38. Kg5 Re4 39. Kf6
```

हेच निवेदनात आणताना संहिता साधारण अशी लिहिता येईल:

‘काळ्याने एक प्यादे घेतले. राजा एच-4 वर. आता काळा हत्ती दुसऱ्या प्याद्यामागे लागला आहे. पांढरा तेही देतो, आणि आपले जी-प्यादे एक पाऊल पुढे टाकतो. घेतले, पुन्हा शहासकट. राजा आणखी वर, जी-5 वर, हत्तीला हाकलत. मोजून बघा: पांढऱ्याची तीन प्यादी उरली आहेत, काळ्याची पाच. दोन प्यादी कमी असूनही पांढऱ्याकडे असे काय आहे जे काळ्याकडे नाही? दोन्ही राजांकडे पाहा. काळा राजा आठव्या रांगेत कोंडलेला आहे, एच-7 वरचा हत्ती त्याला खाली येऊ देत नाही. पांढरा राजा थेट त्याच्या दारात येऊन उभा राहिला आहे.’

या उताऱ्यात घरांची नावे तीनदाच येतात, जिथे नजर नेमकी वळवायची आहे तिथे. बाकी ‘वर’, ‘पुढे’, ‘दारात’ असे शब्द पुरतात. मात्र पट नेहमी पांढऱ्याच्या बाजूनेच दाखवलेला हवा, मध्येच फिरवला तर ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ या शब्दांना अर्थ राहत नाही. ‘पुन्हा शहासकट’ हे दोन शब्दही मुद्दाम आहेत. काळ्याच्या दोन्ही मारांनी शह बसला, म्हणजे पांढऱ्याला राजा हलवावाच लागला, आणि दोन्ही वेळा तो आपल्याला हव्या त्याच दिशेने हलला. बघणाऱ्याला हे स्वतःहून जाणवले तर उत्तम, नाही तर नंतर एका वाक्यात सांगावे.

उताऱ्यात आलेला हिशेब बोलतानाच मोजून घ्यायला हवा. असे आकडे चुकले तर बघणाऱ्याचा सगळा विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक थांब्यावरची स्थिती वेगळी मांडून प्यादी हाताने मोजावीत, स्मरणावर लिहू नयेत.

मग येतो एकोणचाळिसाव्या खेळीचा क्षण, जो दाखवताना निवेदकाने स्वतःही थोडे थांबावे. पांढऱ्या राजाच्या शेजारी काळ्याचे एफ-5 चे प्यादे मोकळे पडले आहे, फुकटात मिळते आहे. कापाब्लांका ते घेत नाही. राजा त्याला ओलांडून एफ-6 वर जातो. क्लबातला बहुतेक प्रत्येक खेळाडू ते प्यादे घेतो, कारण आधीच दोन कमी आहेत. पण ते प्यादे गेले तर एफ पट्टी उघडी होते आणि काळा हत्ती खालून शह देत राजाला त्या जागेवरून हलवत राहतो. जागच्या जागी राहिले तर तेच काळे प्यादे पांढऱ्या राजाची पाठ राखते. आता एच-8 वर हत्ती नेऊन मात करण्याची धमकी आहे. काळ्याने घाईत डी-4 चे प्यादे घेतले असते तर पुढच्याच खेळीला डाव संपला असता. हा फाटा एकाच खेळीचा आहे, म्हणून तो जरूर दाखवावा: हत्ती एच-8 वर, आणि राजाची सगळी घरे पांढरा राजा व जी-6 चे प्यादे मिळून बंद करतात, हे एकेक घर लाल करत दाखवले की कोणालाही पटते.

इथे बाणांचा मोह आवरावा लागतो. पडद्यावर एका वेळी एकच बाण किंवा घरांचा एकच समूह रंगवलेला असावा, आणि आवाजाने ज्याचा उल्लेख केला तोच. आवाज एफ-6 बद्दल बोलत असताना मागच्या फाट्याचा बाण डी-4 वर राहून गेला, की बघणारा ऐकणे सोडून तो बाण कशाचा हे शोधू लागतो. म्हणून संहिता दोन रकान्यांत लिहावी, डावीकडे बोलायचे वाक्य, उजवीकडे त्या वाक्याला पटावर काय व्हायचे. उजवा रकाना रिकामा असलेले वाक्य सलग तीनदा आले तर तिथे भाषण सुरू झाले असे समजावे.

उरलेला डाव पटकन न्यावा. काळा राजा जी-8 वर जातो, पांढरा हत्ती जी-7 वर शह देतो, राजा कोपऱ्यात गेल्यावर सी-7 चे प्यादे मारतो. काळ्याच्या हत्तीला परत आपल्या राजापाशी, आठव्या रांगेत यावे लागते, आणि मग पांढरा राजा सावकाश मागे येऊन एफ-5 चे प्यादे घेतो. आधी न घेतलेले प्यादे आता घेतले, याकडे एका वाक्याने लक्ष वेधावे, कारण तेव्हा त्याचा उपयोग होता आणि आता नाही. पुढे ए-7 आणि डी-5 ही प्यादी पडतात, डी-प्यादे पुढे सरकू लागते, आणि 52व्या खेळीला टार्टाकोव्हर डाव सोडतो. शेवटच्या या खेळ्यांत नवे काही शिकवण्यासारखे नाही. त्या वेगाने दाखवाव्यात आणि पूर्ण खेळ्यांची यादी व्हिडिओखालच्या मजकुरात द्यावी. ज्याला पट मांडून खेळायचे आहे त्याला ती तिथे मिळते, आणि ज्याला नको त्याच्या कानावर ती येत नाही.

संहिता तयार झाली की ती मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. पट दाखवत, थांबत वाचले तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. बारा मिनिटांसाठी हजार-अकराशे शब्दांपलीकडे गेले की निवेदक घाई करू लागतो. मग ती संहिता क्लबातल्या एखाद्या खेळाडूला, पट समोर ठेवून ऐकवावी. तो मध्येच ‘थांबा, हत्ती कुठला?’ असे विचारील, तिथे सोंगटीचे नाव किंवा घर सांगायचे राहिले आहे. आणि ऐकून झाल्यावर त्याला एकच विचारावे: पांढऱ्याने प्यादी का दिली? ‘राजाला पुढे जाता यावे म्हणून’ असे उत्तर आले तर संहितेने काम केले. ‘पुढे मात होणार होती’ असे उत्तर आले तर त्याने निकाल ऐकला, कारण नाही, आणि पस्तिसाव्या खेळीचा भाग पुन्हा लिहावा लागेल.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर यूट्यूब त्याच्या मालकाला बघणारे किती वेळ टिकले याचा आलेख दाखवते. तो आलेख वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आलेख एखाद्या जागी वर उचललेला दिसला, म्हणजे लोकांनी तेवढा भाग पुन्हा पुन्हा पाहिला. तो भाग आवडल्याचे हे लक्षण असू शकते, तसेच निवेदन तिथे फार वेगाने गेल्याचेही असू शकते. एफ-6 च्या खेळीवर असा उंचवटा आला तर संहितेच्या त्या ओळी पुन्हा वाचून बघाव्यात: एफ पट्टी उघडण्याचे कारण आधी सांगितले होते की खेळी झाल्यावर, आणि ते प्यादे न घेतल्याचे बघणाऱ्याच्या लक्षात यायला पुरेसा थांबा दिला होता का.